१२, ८, ०, १५, ६ यांची बेरीज ४१, मग पगार ४७ टक्क्यांनी कसा वाढला?

पाच वर्षांत मिळालेल्या पगारवाढी अशा आहेत असं धरू: १२ टक्के, ८ टक्के, एक वर्ष काहीच नाही, मग १५ टक्के आणि शेवटी ६ टक्के. नोकरी बदलताना किंवा ॲप्रेझलच्या बैठकीआधी बहुतेक लोक हे आकडे मांडतात, बेरीज करतात आणि म्हणतात, "पाच वर्षांत ४१ टक्के वाढ झाली, म्हणजे वर्षाला सरासरी ८.२." यातले दोन्ही आकडे चुकीचे आहेत, आणि चुकाही उलट्या दिशेच्या आहेत. एकूण वाढ ४१ पेक्षा जास्त आहे आणि वार्षिक वेग ८.२ पेक्षा कमी. हे कसं होतं ते एकाच उदाहरणावर सविस्तर पाहू. सुरुवातीचा मासिक पगार ४०,००० धरू, चलन कोणतंही असो.

टक्के कशाचे, हा पहिला प्रश्न

पहिल्या वर्षी १२ टक्के म्हणजे ४,८०० वाढले. पगार झाला ४४,८००. दुसऱ्या वर्षीचे ८ टक्के ४०,००० वर मिळत नाहीत, ४४,८०० वर मिळतात. ते होतात ३,५८४. या ३,५८४ ची फोड करून बघा: ४०,००० चे ८ टक्के म्हणजे ३,२००, आणि वरचे ३८४ हे आदल्या वर्षीच्या ४,८०० च्या वाढीवर मिळालेले ८ टक्के. बेरीज करणारा माणूस हे ३८४ विसरतो.

मूळ ४०,००० च्या मानाने ३८४ म्हणजे ०.९६ टक्के. म्हणून दोन वर्षांची वाढ २० नव्हे, २०.९६ टक्के. दोन वाढींसाठी हे तोंडी काढता येतं: दोन्हींची बेरीज करायची, दोन्हींचा गुणाकार करून शंभराने भागायचं आणि तो बेरजेत मिळवायचा. १२ अधिक ८ झाले २०, बारा आठे ९६ भागिले १०० झाले ०.९६. दोनपेक्षा जास्त वर्षं असली की ही युक्ती किचकट होते, तिथे खाली दिलेला गुणाकारच सोपा.

पाचही वर्षांचं चित्र असं दिसतं:

| वर्ष | वाढ | वाढलेली रक्कम | नवा पगार | ही वाढ मूळ ४०,००० च्या किती टक्के |
|---|---|---|---|---|
| १ | १२% | ४,८०० | ४४,८०० | १२.०० |
| २ | ८% | ३,५८४ | ४८,३८४ | ८.९६ |
| ३ | ०% | ० | ४८,३८४ | ० |
| ४ | १५% | ७,२५७.६० | ५५,६४१.६० | १८.१४ |
| ५ | ६% | ३,३३८.५० | ५८,९८०.१० | ८.३५ |

शेवटचा रकाना नीट पाहा. पाचव्या वर्षीचे "फक्त ६ टक्के" हे मूळ पगाराच्या मापाने ८.३५ टक्के आहेत. या रकान्यातल्या आकड्यांची बेरीज मात्र बिनधास्त करता येते, कारण ते सगळे एकाच रकमेचे टक्के आहेत. ती येते ४७.४५. दुसऱ्या रकान्यातल्या आकड्यांची बेरीज करणं म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या फुटपट्ट्यांनी मोजलेली मापं एकत्र मिळवणं.

ही चूक नेहमी सारख्याच आकाराची नसते. दोन वर्षं तीन-तीन टक्के वाढ असेल तर खरी वाढ ६.०९ टक्के, म्हणजे बेरजेने फारसं बिघडत नाही. पण दहा वर्षं दरवर्षी १० टक्के वाढ मिळाली तर बेरीज १०० सांगते आणि पगार प्रत्यक्षात १५९ टक्क्यांनी वाढलेला असतो. वर्षं जितकी जास्त आणि टक्के जितके मोठे, तितकी बेरीज निरुपयोगी.

हिशोब कसा मांडायचा

आधी पगाराचे आकडे गोळा करा, टक्के नंतर. पगारवाढीच्या पत्रात टक्के बहुतेक वेळा पूर्णांकात लिहिलेले असतात; ७.६ चे ८ होतात. पाच-सात वर्षांत ही गोळाबेरीज साचत जाते. म्हणून शक्य असेल तर सुरुवातीचा आणि आत्ताचा पगारच घ्या. एकूण वाढ काढायला मधल्या टक्क्यांची गरजच नाही: आत्ताचा पगार भागिले सुरुवातीचा पगार, वजा एक. ५८,९८० भागिले ४०,००० म्हणजे १.४७४५, म्हणून वाढ ४७.४५ टक्के.

दोन्ही टोकांना एकाच प्रकारचा पगार असला पाहिजे. एका बाजूला कपातीपूर्वीचा आणि दुसऱ्या बाजूला हातात येणारा घेतला तर उत्तराला अर्थ उरत नाही. हातात येणारा पगार या कामासाठी तसाही वाईट, कारण तो कर आणि कपातींमुळे हलतो. वाढ मागच्या तारखेपासून लागू झाली असेल तर त्या महिन्याच्या स्लिपमध्ये थकबाकीही मिसळलेली असते, तो महिना सोडून पुढचा घ्या.

पगार माहीत नसून फक्त टक्के माहीत असतील, तर प्रत्येक टक्क्याचा गुणक करायचा. १२ टक्के वाढ म्हणजे १.१२, ८ टक्के म्हणजे १.०८, काहीच वाढ नाही म्हणजे १, आणि ५ टक्के कपात म्हणजे ०.९५. मग सगळ्यांचा गुणाकार: १.१२ × १.०८ × १ × १.१५ × १.०६ = १.४७४५. मधे कुठेही पूर्णांक करू नका, शेवटी एकदाच करा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टक्क्यांचं बटण वापरू नका. काही कॅल्क्युलेटर "४४८०० + ८%" याचा अर्थ ८ टक्के वाढ असा घेतात, तर काही ०.०८ मिळवून मोकळे होतात. १.०८ ने गुणलं की हा प्रश्नच येत नाही.

स्प्रेडशीटमध्ये C2 मध्ये सुरुवातीचा पगार, B3 ते B7 मध्ये वाढी आणि C3 ते C7 मध्ये नवे पगार ठेवा. C3 मध्ये पहिलं सूत्र लिहून खाली ओढा. बाकीची तीन वेगळ्या रिकाम्या खणांत लिहा:

```
=C2*(1+B3)
=C7/C2-1
=(C7/C2)^(1/5)-1
=FVSCHEDULE(C2,B3:B7)
```

दुसरं सूत्र एकूण वाढ देतं, तिसरं वार्षिक वेग. चौथं तपासणीसाठी आहे. ते मधले पगार न वापरता थेट शेवटचा पगार काढतं आणि C7 शी जुळायला हवं. वाढीचे खण टक्क्यांच्या स्वरूपात आहेत ना ते पाहून घ्या. साध्या खणात १२ लिहिलं तर स्प्रेडशीट ते १२०० टक्के समजतं आणि पहिल्याच वर्षी पगार ५,२०,००० दिसतो. ही चूक निदान लपून तरी राहत नाही.

वार्षिक वेग, आणि सरासरी का फसवते

४७.४५ ला पाचने भागून ९.४९ लिहिणारेही आहेत आणि ४१ ला भागून ८.२ लिहिणारेही. तपासायला सोपं आहे: ४०,००० वर पाच वर्षं दरवर्षी ८.२ टक्के वाढ दिली तर पगार ५९,३१९ होतो. प्रत्यक्षात तो ५८,९८० आहे. मग ८.२ हा खरा वेग कसा असेल?

जो एकच दर पाचही वर्षं लावला तर नेमका ५८,९८० येतो, तो खरा वार्षिक वेग. तो काढायला एकूण गुणकाचं पाचवं मूळ घ्यायचं, म्हणजे १.४७४५ चा ०.२ वा घात. उत्तर १.०८०८, म्हणून ८.०८ टक्के. वाढी वर्षागणिक जितक्या कमी-जास्त, तितका साध्या सरासरीचा आकडा खऱ्या वेगाच्या वर जातो. सगळ्या वाढी सारख्याच असतील तरच दोन्ही जुळतात.

इथे सगळ्यात जास्त गडबड वर्षं मोजताना होते. आपल्या यादीत सहा पगार आहेत, पण त्यांच्यामधली अंतरं पाच. सहावं मूळ काढलं तर वेग ६.६९ टक्के येतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. वाढींची संख्या मोजण्यापेक्षा दोन टोकांच्या तारखांमधलं अंतर मोजा. वाढ बारा महिन्यांनी न येता अठरा महिन्यांनी आली असेल तर हे फार महत्त्वाचं ठरतं. अठरा महिन्यांनी मिळालेली १२ टक्के वाढ म्हणजे वर्षाला ८ टक्के नाही, १.१२ चा (१२ ÷ १८) वा घात काढला की ७.८५ टक्के येतात.

कपात झाली असेल तर बेरीज सरळसरळ दिशाभूल करते. २० टक्के कपात आणि पुढच्या वर्षी २० टक्के वाढ, बेरीज शून्य. पण ५०,००० चे ४०,००० झाले आणि त्यावर २० टक्के मिळून ४८,०००. गुणक ०.८० × १.२० = ०.९६. "कापलेलं सगळं परत दिलं" असं म्हणायचं असेल तर २५ टक्के वाढ लागते.

टक्के मिळवणं बरोबर असतं तेव्हा

बेरीज नेहमीच चुकीची, असंही नाही. दोन्ही टक्के एकाच रकमेवर लावलेले असतील तर बेरीजच बरोबर. एप्रिलमध्ये कामगिरीसाठी १० टक्के आणि ऑक्टोबरमध्ये बढतीसाठी १२ टक्के मिळाले, असं समजा. पगार ५०,००० होता. बढतीचे टक्के एप्रिलनंतरच्या पगारावर असतील तर ५५,००० चे ६१,६०० होतात. बढतीचं पत्र जर एप्रिलपूर्वीच्या पगाराचा आधार धरत असेल तर ५०,००० वर २२ टक्के, म्हणजे ६१,०००. महिन्याला ६०० चा फरक, आणि तो पत्रातल्या एका शब्दावर अवलंबून. म्हणून बढतीच्या वेळी "किती टक्के" याआधी "कोणत्या पगारावर" हे विचारावं.

हाच नियम पगाराच्या भागांना लागू होतो. १२ टक्के वाढ फक्त मूळ वेतनावर असेल, मूळ वेतन एकूण पगाराच्या ६० टक्के असेल आणि बाकीचे भत्ते तसेच राहिले, तर एकूण पगार ०.६० × १२ म्हणजे ७.२ टक्क्यांनीच वाढतो. गुणकांच्या साखळीत १.१२ नव्हे, १.०७२ घालायचा. एकदाच मिळणारा बोनस तर साखळीत येतच नाही. वाढीऐवजी त्याच टक्क्यांचा बोनस मिळाला तर त्या वर्षीची कमाई सारखी दिसते, पण पुढच्या वर्षीची वाढ जुन्याच पगारावर मोजली जाते. त्या वर्षाचा गुणक १ धरा आणि बोनस वेगळ्या रकान्यात लिहा.

आणखी एक घोळ वर्षाच्या एकूण कमाईचे आकडे वापरल्यावर होतो. १२ टक्के वाढ वर्षाच्या मध्यावर लागू झाली आणि आधीचं-नंतरचं वर्ष कोरडं गेलं, तर त्या वर्षाची कमाई आदल्या वर्षापेक्षा ६ टक्क्यांनीच जास्त दिसते, कारण वाढीव पगार सहाच महिने मिळाला. पुढच्या वर्षी कोणतीही नवी वाढ नसताना कमाई ५.६६ टक्क्यांनी वाढलेली दिसते. १.०६ × १.०५६६ = १.१२. एकच वाढ दोन वर्षांत विभागून दिसते, म्हणून वार्षिक कमाईचे आकडे आणि मासिक पगाराचे आकडे एकाच तक्त्यात मिसळू नयेत.

महागाई वजा करायची नाही, भागायची

त्याच पाच वर्षांत किमती अनुक्रमे ५, ६, ७, ५ आणि ४ टक्क्यांनी वाढल्या असं धरू. त्यांचीही साखळीच करायची: १.०५ × १.०६ × १.०७ × १.०५ × १.०४ = १.३००५, म्हणजे किमती ३०.०५ टक्क्यांनी वर. आता ४७.४५ मधून ३०.०५ वजा करून "खरी वाढ १७.४ टक्के" म्हणण्याचा मोह होतो. पण पगाराचा गुणक किमतींच्या गुणकाने भागायचा असतो: १.४७४५ ÷ १.३००५ = १.१३३८. खरी वाढ १३.४ टक्के. आजच्या ५८,९८० मध्ये जेवढं येतं, तेवढं पाच वर्षांपूर्वी सुमारे ४५,३५० मध्ये आलं असतं. वर्षाला हा वेग अडीच टक्के पडतो.

कोणी पगाराची बेरीज ४१ आणि महागाईची बेरीज २७ घेऊन १४ काढलं, तर उत्तर १३.४ च्या जवळ येतं. तो योगायोग समजावा. दोन्हीकडच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात इतकंच. आकडे बदलले की हा आधार जातो.

याच मांडणीत तिसरं वर्ष वेगळं पाहण्यासारखं आहे. वाढ शून्य, महागाई ७. गुणक १ ÷ १.०७ = ०.९३४६, म्हणजे पगाराची खरेदीशक्ती साडेसहा टक्क्यांनी घटली. स्लिपवर आकडा तोच असल्याने ती घट दिसत नाही.

बेरीज सारखी, पगार वेगळा

दोन जणांची तुलना करताना टक्क्यांची बेरीज किती अपुरी पडते ते यात दिसतं. दोघांची सुरुवात ४०,००० पासून. एकीला चार वर्षं दरवर्षी १० टक्के मिळाले. दुसऱ्याला २५, ०, ० आणि १५. दोघांची बेरीज ४०. पहिलीचा पगार झाला ५८,५६४, दुसऱ्याचा ५७,५००. बेरीज ठरलेली असेल तर सारख्या वाटलेल्या वाढींचा गुणाकार सर्वांत मोठा येतो, म्हणून शेवटचा पगार तिचा जास्त. वाढींचा क्रम बदलल्याने शेवटच्या पगारात फरक पडत नाही. १५, ०, ०, २५ या क्रमानेही तो ५७,५०० च झाला असता.

खिशात आलेल्या पैशांना मात्र क्रमाने फरक पडतो. पहिलीचे चार वर्षांतले मासिक पगार ४४,०००, ४८,४००, ५३,२४० आणि ५८,५६४. दुसऱ्याचे ५०,०००, ५०,०००, ५०,००० आणि ५७,५००. प्रत्येकाला बाराने गुणून मिळवले तर दुसऱ्याने चार वर्षांत ३९,५५२ जास्त कमावले, कारण त्याची मोठी वाढ आधी आली. त्याने १५ टक्के आधी आणि २५ टक्के शेवटी घेतले असते तर हीच तुलना उलटली असती: पहिली तीन वर्षं ४६,००० वर अडकून त्याची कमाई पहिलीपेक्षा १,०४,४४८ ने मागे पडली असती, शेवटचा पगार तोच असून.

आता पुढचं पाहू. पहिली महिन्याला १,०६४ ने पुढे आहे, म्हणजे वर्षाला १२,७६८. यापुढे दोघांनाही काहीच वाढ मिळाली नाही तर ३९,५५२ ची तूट भरून निघायला तीन वर्षांहून किंचित जास्त लागतात. दोघांनाही वर्षाला ८ टक्के मिळत राहिले तर अंतरही ८ टक्क्यांनी वाढत जातं आणि तूट तिसऱ्याच वर्षी भरते. पुढच्या दोन वर्षांत नोकरी सोडायची असेल तर दुसऱ्याचा रस्ता फायद्याचा ठरला, आणि तिथेच टिकायचं असेल तर पहिलीचा. अर्थात नव्या ठिकाणी पगार जुन्या पगाराच्या आधारावर ठरणार असेल, तर सोडतानाही ते १,०६४ मोजावे लागतात; कारण नव्या ऑफरचे टक्के, मग ते २० असोत की ३०, शेवटच्या स्लिपवरच्या आकड्यावरच लागतात.